कुलूप कोणत्या दाराला?

मे महिन्यात आमच्या जामसंड्यात आंब्याची घाई असते. मोठी माणसं बागेत, पेट्या भरण्यात. घरात अम्मी आणि भावाची दोन मुलं, एक पाच वर्षांचा, एक आठ वर्षांची. अशा वेळी टीव्हीचा रिमोट कोणाच्या हाती असतो हे सांगायला नको. वहिनीने नेटफ्लिक्सवर मुलांसाठी किड्स प्रोफाइल केलं होतं. तिला वाटलं, काम झालं.

पण किड्स प्रोफाइल म्हणजे भिंत नव्हे, नुसती वेगळी खोली. पोराने मागे जाण्याचं बटण दाबून ‘अब्बा’ असं लिहिलेल्या चित्रावर क्लिक केलं की तो थेट आपल्या खोलीत. कुलूप मुलांच्या प्रोफाइलला नाही, मोठ्यांच्या प्रोफाइलला हवं.

ते टीव्हीवर शोधत बसू नये. फोनच्या ब्राउझरवर netflix.com उघडून Account मध्ये जायचं, आपलं प्रोफाइल निवडायचं, Profile Lock मध्ये पासवर्ड देऊन चार आकडी पिन ठेवायचा. घरातल्या प्रत्येक मोठ्याच्या प्रोफाइलला हे वेगवेगळं करावं लागतं. एक उघडं राहिलं की बाकीची कुलपं फुकट. मुख्य प्रोफाइलला पिन लावताना, नवं प्रोफाइल बनवायलाही पिन लागेल असा पर्याय मिळतो. तोही निवडावा, नाहीतर आठ वर्षांची हुशार मुलगी स्वतःसाठी नवी खोली बांधते. पिन म्हणून जन्मसाल नको, आणि तो रिमोटने टाकताना मुलं शेजारी नकोत. अम्मीलाही तो सांगितला नाही. नातवाच्या रडण्यापुढे तिचं काही चालत नाही.

मग मुलांच्या प्रोफाइलची वयोमर्यादा. २०२१ च्या नियमांनुसार आपल्याकडे यू, यू/ए ७+, १३+, १६+ आणि ए असे गट आहेत. पाच वर्षांच्याला ७+ सुद्धा जास्त. पण हे गट हिंसा, शिव्या, नग्नता असं मोजतात. आपल्या घरात काय नको, ते नव्हे. जादूटोण्याचं एखादं कार्टून गटात बसतं आणि वहिनीला नको असतं. त्यासाठी त्याच ठिकाणी Viewing Restrictions मध्ये नाव टाकून तेवढीच मालिका बंद करता येते.

हे सगळं खात्याला चिकटतं, म्हणून घरातल्या दुसऱ्या टीव्हीवर हेच खातं वापरलं तरी चालतं. यूट्यूबचं तसं नाही. तिथला Restricted Mode त्या त्या उपकरणापुरता असतो. फोनवर चालू केला म्हणून टीव्हीवर होत नाही. शिवाय तो सगळ्या भाषांत सारखा चालतो असंही नाही. लहान्यासाठी मला यूट्यूब किड्स बरं वाटतं, त्यातही फक्त आपण निवडलेल्या गोष्टी दिसतील असा पर्याय. शोधण्याची सोयच बंद होते. निवडत बसायला एक दुपार जाते, पण जाऊ द्यावी.

आठवड्याने वहिनीने आपल्या प्रोफाइलची Viewing Activity उघडून पाहिली. कोणत्या तारखेला काय पाहिलं, ते तिथे ओळीने दिसतं. कुलूप लावल्यानंतरच्या तारखांना फक्त तिची स्वतःची मालिका होती, आणि तीही अर्धीच.