लोणच्यावरची पांढरी साय

परवा दुपारी खालच्या मजल्यावरच्या वहिनी पदराखाली बरणी झाकून वर आल्या. दार लावून घेतलं आणि मग हळूच म्हणाल्या, "भाभी, जरा बघून घ्या ना. माझी जाऊ म्हणते बुरशी आहे, फेकून द्या. मुलगी म्हणते यीस्ट असतं ते, काही होत नाही, वरचं काढून खा. दोन किलोचं लोणचं आहे हो!"

बरणी खिडकीशी नेली. असलं काही ट्यूबलाइटखाली कळत नाही, दिवसाचा उजेड लागतो, आणि बरणी थोडी तिरपी करून बाजूने पाहावं लागतं. रसावर पांढुरकी, सपाट साय धरली होती. बरणी कलती केली की सायीला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडत होत्या. कुठे केसाळपणा नाही, रंग सगळीकडे एकच. झाकण उघडल्यावर वास आला तो इडलीचं पीठ फार आंबल्यावर येतो तसा. चमच्याच्या टोकाने कड उचलली तर साय लगेच तुटली, तिच्यात धागे नव्हते.

मुलीचं बरोबर होतं. ती साय यीस्टचीच होती. जिथे रस उघडा पडतो आणि हवा लागते तिथेच ही धरते. बुरशीचं रूप वेगळं असतं. तिची सुरुवात ठिपक्यांनी होते, ठिपके गोल वाढतात, वर कापसासारखी लव येते, आणि चार दिवसांत मधोमध हिरवट, राखाडी किंवा काळा रंग उतरतो. चमच्याने उचलली तर नमद्यासारखी एकसंध गोळी निघते. (अशा वेळी नाक बरणीत घालून वास घेऊ नये, ती भुकटी श्वासात जाते.) आणि दरवेळी जिवंतच काही असतं असं नाही. फोडींवर कधी मीठच फुलतं. ते बोटांना कचकचतं आणि कोमट पाण्याच्या थेंबात विरघळतं. शिवाय आपल्या नागपूरच्या डिसेंबरात शेंगदाण्याचं तेल गोठून पांढरं होतं आणि उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ होतं. तेवढ्यावरून मागे माझ्या नणंदेने अख्खी बरणी फेकायला काढली होती.

मी वहिनींना म्हटलं, साय यीस्टचीच आहे. त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे काढून खाल्लं तर चालेल?"

इथे मी थांबले, कारण पंधराएक वर्षांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. सासूबाई तेव्हा होत्या. श्रावणात लोणच्यावर अशीच साय दिसली. त्यांना सांगितलं तर सगळं लोणचं जाईल म्हणून मी गुपचूप वरची साय काढली, बरणी खालपासून ढवळली आणि जेवणात वाढली. पंधरा दिवसांत फोडी बोटाने दाबल्या तर चेपू लागल्या आणि बरणीच्या गळ्याशी हिरवी लव आली. असं का झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. लोणचं टिकतं ते मीठ, आंबटपणा आणि तेलाचा थर या तिघांच्या जोरावर. यीस्ट त्यातला आंबटपणा खात बसतं. तो जसजसा उतरतो तसतशी बुरशीला आणि इतर जंतूंना जागा होते. मी वरून साय काढली पण कारण तसंच ठेवलं, आणि ढवळून उरलेलं यीस्ट तळापर्यंत पोचवलं. शेवटी सासूबाईंना सांगावंच लागलं. त्या रागावल्या नाहीत. "चव कधी बदलली होती?" एवढंच त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण मी चवीकडे लक्षच दिलं नव्हतं.

आपल्याकडे ज्याला चलितरस म्हणतात, ते हेच. पदार्थाचा रंग, गंध, रस किंवा स्पर्श मूळचा राहिला नाही की तो अभक्ष्य. वर काय उगवलं आहे त्याचं नाव विचारायची त्यात गरजच पडत नाही. बावीस अभक्ष्यांत बोळ अथाणं आहेच. ज्या लोणच्यात ओल राहिली आहे ते तीन दिवसांपुढे चालत नाही, हे आपण सगळ्या लहानपणापासून ऐकत आलो. आणि इरियावहियात आपण रोज 'पणग' म्हणतो, ते म्हणजे ओलीवर येणारी ही लीलण-फूलणच, अनंतकाय. एका ठिपक्यात किती जीव! वहिनींची मुलगी म्हणाली की ते निरुपद्रवी असतं. ते आपल्याला निरुपद्रवी. त्या जीवाच्या बाजूने पाहिलं तर काढून फेकणंही विराधना आणि ढवळून खाणंही.

पण वहिनी जैन नाहीत. त्यांच्या प्रश्नाला माझ्या नियमाने उत्तर देणं बरोबर नव्हतं. मी स्पष्टच म्हटलं, "मी नाही खाणार, पण त्याचं कारण माझ्या घरचं आहे. तुम्हाला खाण्यालायक आहे का, ते वेगळं पाहू." आणि आम्ही दोघी खाली बसलो.

लोणचं घातलं कधी, ते आधी विचारलं. जूनचा शेवटचा आठवडा, पहिला पाऊस होऊन गेल्यावर. कैरी किती? दोन किलो. मीठ? इथे वहिनी जरा थांबल्या. भाऊंचा बीपी वाढला म्हणून डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, त्यामुळे नेहमीच्या निम्म्याहून कमी घातलं. वाटीवरून अंदाज काढला तर 150 ग्रॅम. मी किलोला 180 ते 200 ग्रॅम घालते, म्हणजे दोन किलोला पावणेचारशेच्या आसपास. सगळा माल धरून वहिनींच्या बरणीत मीठ जेमतेम 6-7 टक्के निघालं. सरकारी अन्नसुरक्षेच्या नियमांत, मिठावरच टिकवायचं लोणचं असेल तर मीठ किमान 12 टक्के लागतं. तेलाचं विचारलं, तर एक पाव. मोहरीच्या डाळीने ते दोन दिवसांत शोषून घेतलं असणार. फोडींना सुटलेला रस वर उघडा राहिला, आणि त्यावर साय धरली.

म्हणजे साय वरून आलेली नव्हती, ती बरणीच्या आतल्या हिशोबातून आली होती. तरीही सायच असती, फोडी कडक असत्या आणि वास नुसता आंबूस असता, तर मी वहिनींना सांगितलं असतं की वरची साय थराखालच्या बोटभर रसासकट काढा, मीठ-तेल वाढवा, बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा. माणसाला त्याने सहसा बाधत नाही. चव मात्र पडलेलीच राहते.

पण बरणी फिरवताना पलीकडच्या बाजूला, रसाच्या वर आलेली एक फोड दिसली. तिच्या सालीशी तुरीच्या दाण्याएवढा ठिपका होता. कडेने पांढरा, मधे राखाडी-हिरवा. खिडकीकडे धरला तर लव उभी दिसत होती.

जाऊबाईंचंही बरोबर होतं.

वहिनी म्हणाल्या, "ती एक फोड काढून टाकते ना." इथे मात्र मी ऐकलं नाही. वर दिसतं ते बुरशीचं फूल असतं, तिचे धागे फोडीत आणि रसात कुठवर गेले ते डोळ्यांना दिसत नाही. भाकरी, चटणी, लोणचं यांसारख्या ओलसर, मऊ पदार्थात तेवढाच भाग कापून उपयोग नसतो. काही बुरशी विषही सोडतात, आणि ते उकळून किंवा उन्हात ठेवून जात नाही. बुरशी गेली तरी विष मागे उरतं. त्यात आंबटपणा यीस्टने आधीच उतरवलेला. आणि घरात भाऊ रोजच्या गोळ्यांवर, आजी पंच्याऐंशीच्या. मी म्हटलं, "वहिनी, सगळं जाऊ द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन किलो कैऱ्या त्यांनी एकटीने अडकित्त्यावर फोडल्या होत्या, हाताला फोड येईस्तोवर.

मग कसं टिकवायचं, ते त्यांनीच विचारलं. माझी पद्धत आपल्याच घरांतली आहे. कैरी मेच्या मध्यात घ्यायची. आपल्यात आर्द्रा नक्षत्र लागलं की, म्हणजे 22 जूनच्या सुमारास, आंबा सोडतात. पण त्याआधीच हवेत ओल आलेली असते, म्हणून मी मृगाचीही वाट पाहत नाही. फोडी कोरड्या फडक्याने पुसून मीठ-हळद लावून दोन दिवस ठेवायच्या. सुटलेलं पाणी पूर्ण निथळायचं. मग मेच्या कडक उन्हात तीन दिवस, रोज संध्याकाळी आत घेऊन, इतक्या वाळवायच्या की एकमेकींवर आपटल्या तर बांगड्यांसारख्या वाजल्या पाहिजेत. तेल धूर निघेस्तोवर तापवून पूर्ण गार करायचं आणि फोडींच्या वर एक बोट राहील एवढं ओतायचं. आठ दिवसांनी पुन्हा पाहायचं, कारण मसाला तेल पितो, आणि पुन्हा बोटभर भरायचं. या लोणच्याला ताज्या फोडीचा करकरीतपणा येत नाही, ते चिवट लागतं. माझ्या मुलांची याबद्दल तक्रार आहे आणि ती खरी आहे.

भाऊंच्या मिठाचं मी असं सांगितलं की बरणीतलं मीठ कमी करू नका, ताटातली फोड कमी करा. कमी मिठाचंच हवं असेल तर दोन कैऱ्यांचं ताजं करून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. त्याला बरणी दाखवूच नका.

उरला प्रश्न टाकायचा. वहिनी लोणचं सिंकमध्ये ओतायला निघाल्या, मी हात धरला. गरम पाणी घालून धुवून काढणं माझ्याने बघवलं नसतं. परठवायला कोरडी, सावलीची, मुंग्या नसलेली जागा हवी. पण मीठ आणि तेल असलेलं लोणचं मातीत टाकलं तर माती जळते आणि मुंग्या तेलात चिकटून मरतात. याला धड उत्तर नाही. आम्ही न ढवळता, जसंच्या तसं डब्यात काढलं, झाकण लावलं आणि सकाळी ओल्या कचऱ्याच्या गाडीत दिलं. वहिनींना ते फार विचित्र वाटलं असेल, पण त्यांनी माझं ऐकलं.

चिनी मातीची ती बरणी अजून माझ्या गच्चीच्या दारात पालथी आहे. चार दिवस झाले, ऊन नाही. वहिनी रोज जिन्यातून विचारतात, "भाभी, वाळली का?"