माझ्याऐवजी काकींना विचारा

मुंबईहून एका पॉडकास्टवाल्या मुलीचा फोन आला. ‘सर, मुळशी सत्याग्रहावर तासभर बोलाल का? प्रश्न आधी पाठवते.’ आवाज नम्र होता, तयारीही चांगली होती. मी नाही म्हणालो आणि धरणाकाठच्या एका काकींचं नाव सुचवलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ आजीची आठवण येत राहिली.

मी लहान असताना पुण्याहून कुणीतरी वही घेऊन आमच्या ओटीवर आलं होतं. वडील बोलत होते. मधेच आतून आजी म्हणाली, ‘देवाच्या खाचराचं सांगा की.’ वडील क्षणभर थांबले, पाहुण्यांनी पुढचा प्रश्न विचारला आणि ते खाचर वहीत आलंच नाही. पुढे मी शिक्षक झालो, चार पुस्तकं वाचली, आणि ओटीवरची ती जागा आपसूक माझ्याकडे आली. गावात कुणी माहिती विचारायला आलं, की लोक बोट दाखवतात ते गुरुजींच्या घराकडे.

सत्याग्रहाचं मला सांगता येतं. 16 एप्रिल 1921, रामनवमी. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा-निळेच्या संगमाजवळ धरण होणार होतं आणि मावळ्यांनी त्याला विरोध केला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे, अटका, तुरुंग. राजेंद्र व्होरांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळते. बुडणाऱ्या जमिनीत पुण्याच्या सावकारांचा मोठा वाटा होता. त्यांचं लक्ष मोबदल्याकडे वळलं आणि कसणारा मागे पडला. पाणी आजही बोगद्यातून घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जातं. हे सगळं छापलेलं आहे, त्यासाठी माझा आवाज लागत नाही.

छापलेलं नाही ते काकींकडे आहे. भाताची खाचरं पाण्याखाली गेल्यावर उतारावर नाचणी-वरई करून घर कसं चाललं, कोणती सोयरीक तुटली, कोणतं कुटुंब कुठल्या वाटेनं गेलं, हे त्यांनी सासूकडून ऐकलं, आणि पुढचं स्वतः भोगलं. आंबेमोहोर शिजला की सासू कशी गप्प व्हायची, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? बापटांबद्दल मात्र त्यांना फारसं ठाऊक नाही, आणि येणारा प्रत्येक जण नेमकं तेच विचारतो. याचा मला जुना राग आहे.

पण नाव सुचवलं म्हणजे काम संपलं, असं नाही. काकींचा नंबर मी लगेच दिला नाही. आधी त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, ‘मला काय येतंय गुरुजी? तुम्हीच सांगा की.’ इथेच बहुतेक वेळा गाडी अडते. त्या नकार देत नसतात, आपल्याला मान देत असतात. मी म्हणालो, ‘सत्याग्रहाचं नाही विचारणार. तुमच्या सासूबाईंचं विचारतील. आणि नको वाटलं तर नको, मी कळवतो.’ त्या थोडा वेळ भात निवडत राहिल्या, मग म्हणाल्या, ‘आवणी उरकू दे.’

मग त्या मुलीला सविस्तर कळवलं. आवणी झाल्यावर या. फोनवर नको, रेंज जाते, घरी या. मुलगा शेजारी बसला की तोच उत्तरं देईल, म्हणून त्या काम करत असताना बोला. तारखा विचारू नका, जागा विचारा: पाणी उतरल्यावर काय दिसतं, पूर्वी तिथे काय होतं. दुभाषा म्हणून मी बसणार नाही, कारण मी असलो की त्या माझ्याकडे बघून बोलतील. आणि कार्यक्रमात त्यांचं नाव, गाव त्यांना विचारूनच घ्या. त्या हो म्हणाल्या, तर पहिल्या वाक्यात घ्या.

ही शेवटची अट माझ्या मनची नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी याच डोंगरांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. पुढे तो संग्रह लाखावर गेला. त्यात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं असतं. पीठ दळणाऱ्या बाईला साक्षीदार मानायची ती रीत आहे. आजीचं खाचर त्या वहीत गेलं नाही, कारण ओटीवर ती रीत नव्हती.

ती मुलगी थोडी हिरमुसली. तिला तासभराचा सलग इतिहास हवा होता; काकींकडे तो तुकड्यांत मिळेल, मधेच चहा होईल, कुणी हाक मारेल. तेवढी किंमत तिनं मोजावी. तारखा आणि नावं जोडायची असतील तर व्होरांचं पुस्तक आहे.

तुम्हालाही कधी असा फोन येईल. ज्यानं ते जगलंय असा माणूस शेजारी असेल, तर नाही म्हणा. पण आधी त्याच्या दारात जा, त्याला विचारा, त्याचा हंगाम बघा, आणि मगच नंबर द्या. न विचारता पुढे केलेला नंबर म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या दारात टाकणं.