साहेब गेले, पद कुठे आहे?

मुलाखत घेणारे साहेबच कंपनी सोडून गेले, असं कळलं की आमच्याकडच्या घरांत पहिली धावपळ होते ती त्या साहेबांचा दुसरा नंबर मिळवण्याची. पुण्यात कोणाचा मेहुणा आहे, कोणाचा वर्गमित्र चाकणला आहे, याची चौकशी सुरू होते. यामागची चिंता मला कळते. लेकराने रात्रभर प्रवास करून मुलाखत दिलेली असते, "तू ये, जुलैत जॉइन हो" असा शब्द मिळालेला असतो आणि शब्द देणारा माणूसच जागेवर नसतो. पण मी पुण्यात सुट्या भागांच्या एका कारखान्यात एचआरचं काम केलं आहे आणि आता लातुरात मुलांना नोकरीसाठी तयार करते. दोन्ही बाजू पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे : अशा वेळी चौकशी माणसाची करायची नाही, पदाची करायची.

कारखान्यात एखादी जागा भरायची म्हणजे आधी रिक्विझिशन निघतं. विभागप्रमुख मागणी करतो, वरचे आणि वित्त विभाग मंजुरी देतात, मग त्या जागेला एक क्रमांक पडतो. जाहिरात, अर्ज, मुलाखतीचे शेरे सगळं त्या क्रमांकाखाली साठतं. साहेब गेले तरी क्रमांक राहतो. मात्र त्याखाली फक्त लिहिलेलं राहतं. मुलाखतीनंतर साहेबांनी शेऱ्याचा फॉर्म भरला असेल तर नव्या साहेबांपुढे तुमचं नाव येतं. नुसतं तोंडी कौतुक केलं असेल तर ते त्यांच्याबरोबर गेलं.

सरकारी कचेरीचा व्यवहार आपल्या लोकांना चांगला ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात. अधिकारी बदलला म्हणून कोणी जुन्या अधिकाऱ्याच्या नव्या गावी जात नाही. आवक क्रमांक घेऊन आपण त्याच टेबलापुढे उभे राहतो. त्याच कायद्यात फाइल कोणाकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असंही म्हटलं आहे. खासगी कंपनीवर असं बंधन नाही, त्यामुळे तिथे आवक क्रमांकाइतकंच महत्त्व आपल्या विचारण्यालाही आहे.

आमच्या एका मुलीचं उदाहरण सांगते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, दोन वर्षांचा अनुभव, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी दोन फेऱ्या झालेल्या. दुसरी फेरी प्लांटच्या क्वालिटी प्रमुखांनी घेतली आणि जवळजवळ होकारच दिला. मग तीन आठवडे शांतता. तिने त्यांना मेल केला तर तो परत आला. परत आलेल्या मेलमध्ये `550 5.1.1` असा आकडा होता. याचा अर्थ तो पत्ता आता अस्तित्वात नाही. हा पुरावा बऱ्यापैकी भक्कम असतो. उलट मात्र खरं धरू नये. मेल परत आला नाही म्हणजे साहेब आहेतच, असं नाही. पुष्कळ कंपन्या गेलेल्या माणसाचा पत्ता काही महिने चालू ठेवतात आणि त्यावरचे मेल वरिष्ठांकडे वळवतात. म्हणून त्या पत्त्यावरही असं काही लिहू नये जे तिसऱ्याने वाचलेलं आपल्याला चालणार नाही.

तिचे वडील मला म्हणाले, "मॅडम, त्या साहेबांचा पर्सनल नंबर मिळतो का बघा की." मी तिला आधी जुने मेल उघडायला लावले. एचआरने पहिल्या फेरीचं बोलावणं पाठवलं होतं, त्याच्या विषयाच्या ओळीतच जॉब आयडी होता. मुलं ही ओळ वाचतच नाहीत. मग कंपनीचं करिअर पान पाहिलं. जागा अजून दिसत होती, आयडी तोच होता आणि अनुभवाची अटही तीच होती. हे मी मुद्दाम पाहते. आयडी नवा आणि अट दोनऐवजी पाच वर्षांची झाली असेल, तर नव्या साहेबांनी जागाच नव्याने लिहिली असं समजावं. मग जुन्या फेऱ्यांचा फारसा उपयोग उरत नाही. अर्थात, जाहिरात दिसते म्हणून जागा जिवंत आहे असंही नाही. होल्डवर गेलेल्या जागांच्या जाहिराती काढायला कोणाला सवड नसते.

नंतर मेल लिहिला, एचआरच्या त्याच बाईंना आणि त्याच जुन्या मेलला उत्तर म्हणून, म्हणजे मागचा सगळा पत्रव्यवहार खाली राहतो. मजकूर इंग्रजीत होता, आशय असा : या जॉब आयडीसाठी माझ्या दोन फेऱ्या अमुक तारखांना झाल्या. या जागेची जबाबदारी आता दुसऱ्यांकडे गेल्याचं समजतं. ही जागा अजून मंजूर आहे का, सध्या ती कोण पाहतं, आणि मला नव्या प्रमुखांना भेटावं लागेल का, एवढं कळवावं. पुढच्या आठवड्यात मी भेटू शकते.

तिच्या पहिल्या मसुद्यात "सरांनी मला सिलेक्ट केलं होतं" असं वाक्य होतं. ते मी काढायला लावलं. असं वाक्य वाचलं की एचआर सावध होतं, कारण न लिहिलेला शब्द आता त्यांना तपासावा लागतो. आणि नव्या साहेबाला वाटतं, आपल्या टीममध्ये कोण असावं हे आधीच्याने ठरवून ठेवलं आहे. झालेल्या फेऱ्या आणि तारखा लिहिल्या की पुरे.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. जागा मंजूर होती, नवे प्रमुख पंधरा दिवसांत रुजू होणार होते, आणखी एक फेरी होणार होती. तिने ते पंधरा दिवस आणि वर एक आठवडा थांबून पुन्हा एक ओळ टाकली. नवा माणूस आल्या आल्या आपले तक्ते आणि आपली माणसं समजून घेत असतो. त्या काळात रोज विचारणारा उमेदवार नकोसा होतो. तिसरी फेरी पहिल्यापासूनच झाली. आधीच्या साहेबांना कास्टिंगच्या रिजेक्शनमध्ये रस होता, हे ग्राहकांच्या तक्रारींबद्दल विचारत राहिले. तिने तयारी बदलली होती, कारण नव्या प्रमुखांचं आधीचं काम आम्ही त्यांच्या लिंक्डइनवर पाहून ठेवलं होतं. पत्र मिळालं, पण ऑगस्टअखेर आणि पगार आधी बोललेल्यापेक्षा थोडा कमी. पगाराचा आकडा जुन्या साहेबांनी तोंडी सांगितला होता, एचआरकडे त्याची नोंद नव्हती.

गेलेल्या साहेबांना एकदा निरोप पाठवायला हरकत नाही. शुभेच्छा द्याव्यात आणि जागेचं काम कोणाकडे सोपवलं एवढंच विचारावं. कंपनी का सोडली, हे विचारू नये. त्यांनी नव्या कंपनीत बोलावलं तर ती नवी नोकरी, नव्याने सुरू झालेली. लेखी पत्र हातात येईपर्यंत जुना धागा तोडू नये.

मार्च महिन्यात प्रश्न वेगळा असतो. 31 मार्चला वर्ष संपतं, त्याआधी न भरलेल्या जागेला नव्या वर्षात पुन्हा मंजुरी लागू शकते आणि त्याच वेळी प्रमुखही बदलला तर त्या मागणीला बोलणारा कोणी उरत नाही. अशा वेळी दोन मेलना उत्तर आलं नाही, तर मी मुलांना ती जागा मनातून काढायला सांगते. आणि हातात ऑफर लेटर असलं तरी चालू नोकरीचा राजीनामा देण्याआधी रुजू होण्याची तारीख, ठिकाण आणि आता कोणाच्या हाताखाली काम करायचं, हे मेलवर पक्कं करून घ्यावं. नोटीस कुठे तीस, कुठे नव्वद दिवसांची असते; तेवढ्यात आणखी एखादा साहेब बदलू शकतो.

लातूर-नांदेडची आपली कितीतरी माणसं आज पुण्याच्या कारखान्यांत विभागप्रमुख आहेत. त्यांना माझी एक विनंती आहे : कंपनी सोडाल तेव्हा हस्तांतराच्या यादीत अर्धवट राहिलेल्या मुलाखतींची नावं घाला, प्रत्येक नावापुढे आपला शेरा आणि बोललेला पगार लिहा, आणि ती यादी एचआरला मेल करूनच निघा.