रिव्हर्स चार्जिंग : देणाऱ्याचे किती जाते, घेणाऱ्याला किती मिळते?

एका फोनच्या पाठीवर इअरबड्सची डबी ठेवली की डबीचा दिवा लागतो आणि ती चार्ज होऊ लागते. हे तुम्ही पाहिलं असेल. यालाच रिव्हर्स चार्जिंग म्हणतात. काही फोनमध्ये ही सोय Wireless PowerShare, तर काहींमध्ये Battery Share या नावाने दिसते. पण देणाऱ्या फोनला याची किंमत किती पडते? मला हा प्रश्न भौतिकशास्त्राचा वाटला, म्हणून मी तो घरी टेबलावर मोजून पाहिला.

आधी हिशोब मांडू. माझ्या फोनची बॅटरी 5000 एमएएचची, म्हणजे 5 अँपिअर-तासांची आहे. तिचा सरासरी दाब 3.8 व्होल्ट धरला तर 5 गुणिले 3.8, म्हणजे 19 वॉट-तास ऊर्जा झाली. इअरबड्सच्या डबीची बॅटरी 500 एमएएच, म्हणून तिच्यात 1.9 वॉट-तास मावतात. कागदावर पाहिलं तर रिकामी डबी भरायला फोनचे 10 टक्के पुरायला हवेत.

आता प्रत्यक्ष काय झालं ते पाहा. मी फोन 80 टक्क्यांवर असताना फ्लाइट मोडवर टाकला, त्याचं कव्हर काढलं आणि पाठीच्या मधोमध रिकामी डबी ठेवली. सव्वा तासाने डबी भरली तेव्हा फोन 60 टक्क्यांवर आला होता. म्हणजे 20 टक्के गेले, सुमारे 3.8 वॉट-तास! डबीत त्यातले निम्मेच पोहोचले.

मग उरलेले निम्मे गेले कुठे? उष्णतेत. फोनमधील तांब्याच्या कॉइलमधून बदलता प्रवाह वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र डबीतल्या कॉइलमध्ये प्रवाह निर्माण करतं. या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा वाया जाते: बॅटरीचा प्रवाह बदलताना, दोन्ही कॉइल तापताना आणि पुन्हा डबीची बॅटरी भरताना. कॉइल एकमेकींसमोर नीट आल्या नाहीत, किंवा मधे जाड कव्हर असलं, तर गळती आणखी वाढते. मधे नाणं किंवा धातूची रिंग तर नकोच, कारण ती स्वतःच तापते. शिवाय दोन्ही वस्तू एकमेकींना चिकटून असल्याने उष्णतेला बाहेर पडायला वाट कमी मिळते. फार तापलं की फोन ही देवाणघेवाण मंद करतो किंवा थांबवतो. लिथियम-आयन बॅटरी वारंवार गरम झाली तर लवकर थकते, म्हणून उन्हात किंवा उशीखाली हा प्रकार करू नये.

आता खरी अडचणीची वेळ घ्या. प्रवासात मैत्रिणीचा फोन बंद पडलाय, तिकीट त्यातच आहे आणि तुमच्याकडे 50 टक्के आहेत. तिचाही फोन 5000 एमएएचचा असेल, तर तिला 20 टक्के देण्यासाठी तुमचे साधारण 40 टक्के जातील. पाठीला पाठ लावून तिच्या बॅटरीत जेमतेम 2 वॉटच्या वेगाने ऊर्जा पोहोचते, त्यामुळे वेळही दोन तासांच्या आसपास लागेल. शेवटी तिच्याकडे 20 आणि तुमच्याकडे 10! बरेच फोन असं होऊ देत नाहीत, ठरावीक टक्क्यांवर आले की देणं बंद करतात. काही फोनमध्ये ही मर्यादा 30 टक्के असते.

आणखी एक गोष्ट. घेणारा फोन चालू ठेवून तिने इंटरनेट वापरलं, तर तोच 1 ते 2 वॉट खाऊन टाकतो. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण आकडा हलत नाही. म्हणून तिकिटापुरते 5 टक्के द्या आणि तोवर तिचा फोन वापरू नका. यात तुमचे 10 टक्के जातील, पण दोघींचंही काम भागेल.

दोन्ही फोनला टाइप-सी पोर्ट असेल तर वायर जास्त बरी. कॉइलची गळती वाचते आणि नुकसान साधारण पाव भागापर्यंत येतं. आयफोन 15 आणि त्यापुढचे फोन वायरने 4.5 वॉटपर्यंत देऊ शकतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये वायर जोडल्यावर यूएसबीची सूचना उघडून कोण देणार, कोण घेणार हे निवडावं लागतं. ते तपासा, नाहीतर कधी कधी रिकामा फोनच भरलेल्याला चार्ज करू लागतो!

थोडक्यात, इअरबड्सची डबी छोटी, म्हणून वायरलेसने भरणं परवडतं. फोनला मात्र फोनने भरायचं नसतं, फक्त निकडीपुरतं जागं करायचं असतं.

गृहपाठ : घरात अशी सोय असलेला फोन असेल तर मोठ्यांना विचारून सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के वहीत लिहा. दोन्ही बॅटऱ्यांचे वॉट-तास काढा आणि तुमच्या प्रयोगात किती टक्के ऊर्जा वाया गेली ते शोधा.