जिन्यातली हिरवी रेघ

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,


दिवे गेले की तुमच्या न्यूयॉर्कच्या ऑफिसातल्या जिन्याच्या पायऱ्या हिरव्या चमकतात, असं तू सांगितलंस तेव्हा मी हसलो होतो. आता तशीच चमकणारी पट्टी मी आमच्या अभ्यासिकेच्या जिन्यात चिकटवलीय, आणि पहिल्याच रात्री माझी फजिती झाली.

दारावर सात फुटांवर ‘बाहेर’ अशी पाटी होतीच. पण गावाकडचं स्वयंपाकघर आठव. धूर आढ्याला कोंडायचा आणि आजी खाली बसूनच वावरायची. आगीतही गरम धूर आधी छताला भिडतो, मग थराथरानं खाली उतरतो. म्हणजे पहिली बुडते ती वरची पाटीच. रांगणाऱ्या माणसाला दिसते ती जमिनीलगतची रेघ. तुमच्याकडे 1993 च्या स्फोटानंतर लोक वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या अंधाऱ्या, धुरकट जिन्यांतून तासन् तास उतरले. मग तिथे असा चमकता रंग लावला आणि 2001 मध्ये तो कामी आला. उंच कार्यालयांच्या जिन्यांत तो सक्तीचा करणारा कायदा न्यूयॉर्कनं 2004 मध्ये केला.

तर फजिती. रात्री मेन स्विच पाडला आणि दोन मिनिटांत पट्टी दिसेनाशी झाली. दोष पट्टीचा नव्हता. वीज वाचवायला मी जिन्यात माणूस आला की लागणारा पिवळा दिवा बसवलाय. पट्टी आधी उजेड पिते, मग अंधारात तो सोडते. तिला निळसर-पांढरा उजेड लागतो, तोही बराच वेळ. पिवळ्या दिव्याच्या पाव मिनिटात तिचं पोट कसं भरणार? आता अभ्यासिका उघडी असेपर्यंत पांढरी ट्यूब चालू असते. दुसऱ्या रात्री अर्ध्या तासानंतरही पायऱ्यांच्या कडा दिसत होत्या.

मग भाच्याला अंधारात रांगत खाली यायला सांगितलं. वळणावर पैसे वाचवायला मी दोन हात जागा कोरी सोडली होती. तिथे रेघ तुटली आणि पठ्ठ्या सरळ संडासाच्या दाराशी गेला. मला 2017 मधली मुंबईतली कमला मिलची आग आठवली. तिथे दगावलेल्या 14 जणांपैकी अनेकजण स्वच्छतागृहात गुदमरले होते. दुसऱ्या दिवशी पट्टी अखंड केली. आता ती संडासाचं दार ओलांडून थेट खालच्या दारापर्यंत जाते.

हिच्यावर फार भिस्तही ठेवायची नाही. तिचा उजेड मंद, जवळूनच दिसणारा. काळा धूर फरशीपर्यंत उतरला की तीही गेली. आणि ती कुलूप उघडत नाही. आमच्या खालच्या शटरला रात्री बाहेरून कुलूप असायचं, ते लावणं आता बंद केलंय.

तुमच्या जिन्यात वळणावर पट्टी कशी वळवलीय, त्याचा एक फोटो पाठव. दिवे बंद असतानाचा.

तुझा,
अभ्यासिकावाला