कॅमेरा अडकला, माइक हरवला

व्हिडिओ कॉल लावताना संगणक दोन तक्रारी वारंवार करतो. एक, कॅमेरा आधीच दुसऱ्याकडे वापरात आहे. दुसरी, माइक सापडत नाही. दोन्ही वेळा घरातली माणसं एकच उपाय करतात, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करतात. कधी तो लागू पडतो, कधी नाही. आमच्या घरी या दोन्ही तक्रारी तीन आठवड्यांच्या आत आल्या, आणि दोन्हींची कारणं एकमेकांपासून अगदी वेगळी निघाली.

आमच्या अब्बांना गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. अल्हम्दुलिल्लाह, हातपाय बरेच सावरले, पण बोलणं अडखळतं. आम्ही राहतो श्रीवर्धनला आणि बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई आहेत मुंबईत. दर आठवड्याला त्यांना गाडीत बसवून नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून शनिवारी सकाळी अकरा वाजता अर्धा तास व्हिडिओ कॉलवर व्यायाम ठरले. अब्बा ओठ मिटून ‘प’ म्हणतात, गाल फुगवतात, चित्र पाहून वस्तूचं नाव सांगतात. ओठांची कुठली बाजू मागे राहते हे बाईंना दिसावं लागतं, आणि ‘प’चा ‘फ’ होतो का हे ऐकू यावं लागतं. म्हणजे कॅमेरा आणि माइक, दोन्ही हवेत. एक जरी नसला तर तो अर्धा तास फुकट.

पहिल्या वेळी कॅमेरा अडला. बाईंचा चेहरा दिसत होता, पण आमच्या चौकटीत काळोख आणि त्यावर इंग्रजीत सूचना, की कॅमेरा दुसऱ्या ॲपकडे वापरात आहे. भाभींनी लॅपटॉप बंद करून चालू केला. सूचना तीच. अम्मी म्हणाल्या, “अरे, कॅमेऱ्याशेजारचा दिवा तर पेटलाय!” त्यांच्या या एका वाक्याने अर्धं काम झालं. आमच्या लॅपटॉपमध्ये, आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये, कॅमेरा चालू असला की त्याच्या शेजारी बारीक दिवा लागतो. आम्ही अजून कॉलमध्ये शिरलोही नव्हतो आणि दिवा पेटलेला. म्हणजे कॅमेरा बिघडलेला नव्हता, कुणीतरी त्याला धरून बसलं होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. विंडोजवर कॅमेरा साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती असतो. ज्याने आधी धरला त्याचा तो, दुसऱ्याने मागितला तर त्याला नकार मिळतो. म्हणून प्रश्न असा विचारायचा, की धरला कुणी?

हे शोधायला विंडोज 11 मध्ये सरळ जागा आहे. Settings उघडायचं, Privacy & security मध्ये जायचं आणि खाली Camera निवडायचं. तिथे कॅमेरा वापरणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. प्रत्येकाखाली त्याने कॅमेरा शेवटचा कधी वापरला ते लिहिलेलं असतं, आणि जो या क्षणी वापरतोय त्याच्याखाली Currently in use असं दिसतं. आमच्याकडे हे शब्द एका अनोळखी नावाखाली होते. धाकट्या भावाला विचारलं तेव्हा उलगडा झाला. तो संध्याकाळी मुलांच्या ऑनलाइन शिकवण्या घेतो. पाठीमागचं स्वयंपाकघर दिसू नये म्हणून त्याने मागचं दृश्य बदलणारा एक प्रोग्राम घातला होता. असे प्रोग्राम खरा कॅमेरा स्वतःकडे घेतात आणि इतरांना आपला एक नकली कॅमेरा देतात. त्याची शिकवणी त्या नकली कॅमेऱ्यावर चालायची, आणि अब्बांचा कॉल खऱ्या कॅमेऱ्याकडे हात पसरून उभा होता.

लॅपटॉप पुन्हा चालू करून काही का झालं नाही, तेही मग कळलं. तो प्रोग्राम लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू व्हायचा. प्रत्येक वेळी आमच्या आधी तोच कॅमेऱ्यापाशी पोहोचायचा.

त्याची खिडकी कोपऱ्यातल्या फुलीने बंद केली तरी दिवा जळतच राहिला. असे बरेच प्रोग्राम फुलीने फक्त दृष्टिआड होतात. घड्याळाजवळ वरच्या दिशेचा छोटा बाण असतो, त्यावर टिचकी मारली की लपलेली चिन्हं दिसतात. तिथल्या त्याच्या चिन्हावर उजवी टिचकी देऊन Quit किंवा Exit निवडलं तेव्हा दिवा विझला. तसं चिन्ह सापडलं नाही तर Ctrl, Shift आणि Esc एकत्र दाबून Task Manager उघडायचं, नाव निवडायचं आणि End task करायचं. त्याच Task Manager मध्ये Startup apps नावाचा भाग आहे. तिथे त्या प्रोग्रामला Disable केलं की तो आपोआप सुरू होत नाही. भावाला हवा तेव्हा तो हाताने चालू करतो.

कॅमेरा मोकळा झाल्यावरही कॉलमधली चौकट काळीच राहू शकते, कारण नकार मिळालेला ॲप पुन्हा मागणी करतोच असं नाही. कॉलमधून बाहेर पडून पुन्हा आत यावं. आम्ही तेच केलं आणि अब्बा दिसू लागले. त्या दिवशी बाईंना अठरा मिनिटं मिळाली.

दिवा पेटलेला नसेल आणि यादीतही कुणी सापडत नसेल, तर परवानगीकडे वळायचं. काही ॲप परवानगी नसली तरी ‘कॅमेरा उघडता येत नाही’ एवढंच सांगतात, कारण सांगत नाहीत. त्याच Camera पानावर तीन बटणं पाहावीत. Camera access हे सगळ्या लॅपटॉपचं. त्याखालचं Let apps access your camera. आणि यादीच्या खाली असलेलं Let desktop apps access your camera. हे तिसरं सहज नजरेतून सुटतं, आणि ब्राउझर किंवा कंपनीच्या साइटवरून उतरवलेले कॉलचे प्रोग्राम बहुधा त्याच्याच अखत्यारीत येतात. कॉल जर दुव्यावरून ब्राउझरमध्ये उघडत असेल तर आणखी एक दरवाजा आहे. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाला जे चिन्ह असतं त्यावर टिचकी मारून त्या साइटसाठी Camera आणि Microphone चालू आहेत का ते पाहावं. पहिल्यांदा विचारणा झाली तेव्हा घाईत कुणी Block दाबलं असेल, तर साइट पुन्हा विचारत नाही. तिथे बदल केल्यावर पान नव्याने उघडावं लागतं.

कॅमेऱ्याचीच शंका असेल तर विंडोजचा स्वतःचा Camera नावाचा ॲप उघडून पाहावा. त्यात चेहरा दिसला तर कॅमेरा ठीक आहे, अडचण परवानगीत किंवा कॉलच्या ॲपमध्ये आहे. मात्र तपासून झाल्यावर तो बंद करायलाच हवा, नाहीतर आता तोच कॅमेरा धरून बसेल. आणि काही लॅपटॉपवर कॅमेऱ्यापुढे सरकवायची बारीक झाकणी असते. ती बंद असली तर बहुधा काळं चित्र येतं, ‘वापरात आहे’ अशी सूचना येत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर वेळ वाचतो.

दोन शनिवार नीट गेले. तिसऱ्या शनिवारी चित्र आलं, पण माइक सापडत नाही अशी सूचना आली. कॅमेऱ्याचा धडा ताजा होता, म्हणून भाभींनी आधी सगळे प्रोग्राम बंद केले. उपयोग झाला नाही, आणि होणारही नव्हता. माइकची रीत कॅमेऱ्यासारखी नसते. सहसा एकच माइक अनेक प्रोग्राम एकाच वेळी ऐकू शकतात. ‘सापडत नाही’ याचा अर्थ तो कुणी धरला आहे असा नव्हे, तर लॅपटॉपच्या यादीतच माइक नाही असा.

Settings मध्ये System आणि मग Sound उघडलं. Input या भागात माइकची नावं असतात. तिथे No input devices found एवढंच लिहिलेलं होतं. लॅपटॉपचा अंगचा माइक असा कुठे जाईल? बंद केलेली उपकरणं या यादीत दिसत नाहीत, म्हणून जुन्या पद्धतीची आवाजाची खिडकी उघडून पाहिली. विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबलं की लिहायला एक चौकट येते. त्यात हे लिहून Enter दाबायचं:

```
mmsys.cpl
```

उघडलेल्या खिडकीत Recording हा भाग निवडायचा, रिकाम्या जागी उजवी टिचकी द्यायची आणि Show Disabled Devices वर खूण करायची. तसं केल्यावर आमचा माइक फिकट रंगात समोर आला. त्यावर उजवी टिचकी देऊन Enable केलं. अब्बा खाकरले तशी शेजारची हिरवी पट्टी हलली, आणि बाई पलीकडून म्हणाल्या, “आलं, ऐकू येतंय!”

कारण साधं होतं. शिकवणीत पंख्याचा आवाज जाऊ नये म्हणून भावाने अंगचा माइक बंद करून ठेवला होता आणि तो आपल्या ब्लूटूथ हेडसेटवर बोलायचा. हेडसेट घरात असेपर्यंत यादीत एक माइक होता. त्या शनिवारी तो हेडसेट घेऊन पनवेलला गेला, आणि यादी रिकामी झाली.

माइकचं नाव यादीत दिसतं, पण बोललं तरी पट्टी हलत नाही, अशी स्थिती वेगळी. तेव्हा बहुधा आवाज बंद करण्याची कळ दाबलेली असते, नाहीतर Privacy & security मध्ये Microphone ची परवानगी बंद असते. आणि पट्टी हलते, तरी पलीकडे ऐकू जात नाही, असं असेल तर कॉलच्या ॲपमध्ये दुसराच माइक निवडलेला असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये योग्य नाव निवडलं की काम होतं.

डेस्कटॉप संगणकात बहुधा अंगचा माइक नसतोच. त्याला मोबाइलचा एकपिनी इयरफोन हिरव्या भोकात लावला तर आवाज ऐकू येतो, पण माइक मिळत नाही, कारण माइकचं भोक गुलाबी आणि वेगळं असतं. तिथे यूएसबीचा हेडसेट सोपा पडतो.

आता शनिवारी पावणेअकराला अम्मी लॅपटॉप उघडतात. आधी कॅमेऱ्याचा दिवा पाहतात, तो विझलेलाच हवा. मग Sound मध्ये माइकचं नाव आणि हलणारी पट्टी. यात काही खटकलं तर शोधायला पंधरा मिनिटं हाताशी असतात. गेल्या आठवड्यात अब्बांनी ‘पाणी’ हा शब्द न अडखळता सलग तीनदा म्हटला, आणि बाईंनी तो पाहिलाही, ऐकलाही.