कर्ता, करण आणि अपादान यांस अनावृत पत्र

कारकांनो,

पत्र उमरग्याहून लिहितो आहे. इथून कर्नाटकाची हद्द जवळ आणि पुणे लांब, त्यामुळे तुमची जी रूपं पुस्तकात आहेत ती आमच्या बाजारात जशीच्या तशी भेटत नाहीत. ते पुढे येईलच.

आधी तुमच्यावरच्या एका अन्यायाबद्दल. वर्गात तक्ता पाठ होतो: प्रथमा कर्ता, द्वितीया कर्म, तृतीया करण, पंचमी अपादान. पोरं तो घडाघडा म्हणतात आणि मग ‘गड्याने विळ्याने ज्वारी कापली’ या वाक्यापाशी अडखळतात. दोन्ही शब्दांना ‘ने’, दोन्हींची विभक्ती तृतीया. म्हणून दोन्हींखाली ‘करण’ लिहून मोकळी होतात. गडी हा विळ्यासारखंच एक अवजार होऊन बसतो. चूक पोरांची कमी, तक्त्याची जास्त. विभक्ती शब्दाच्या रूपावरून कळते. कारक म्हणजे त्या शब्दाचं क्रियापदाशी असलेलं नातं. रूप एक असून नाती दोन असू शकतात.

नातं ओळखायचं कसं? वाक्य साध्या वर्तमानकाळात फिरवायचं. ‘गडी विळ्याने ज्वारी कापतो.’ गड्याचा ‘ने’ गळाला, विळ्याचा टिकला. गळणारा ‘ने’ कर्त्याचा, कारण तो भूतकाळातल्या सकर्मक क्रियापदामुळे आला होता. टिकणारा करणाचा, विळ्याला काळाशी देणंघेणं नाही.

ही युक्ती खरी कामाला येते ती पावसात. ‘पावसाने सोयाबीन झोडपले’ आणि ‘पावसाने सोयाबीन कुजले’ ही वाक्यं जुळ्या भावांसारखी दिसतात. वर्तमानकाळात आणा: ‘पाऊस सोयाबीन झोडपतो’, पण ‘पावसाने सोयाबीन कुजते’. पहिल्यात पाऊस कर्ता. दुसऱ्यात कर्ता सोयाबीन, तेही प्रथमेत, आणि पाऊस नुसता कुजण्याचं कारण. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ छापलं. त्यानंतर शंभरावर वर्षं गेली, तरी आमच्या गाईडात हे दोन पाऊस एकाच रकान्यात भिजत पडलेले असतात.

युक्तीला मर्यादा आहेत. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जावं लागतं. ‘आजीच्याने पायऱ्या उतरवत नाहीत’ हे वाक्य मुळातच वर्तमानकाळी आहे, ‘ने’ टिकून आहे, आणि तरीही आजी कर्ताच आहे. तिथे आधी शक्य क्रियापद साधं करावं लागतं: ‘आजी पायऱ्या उतरत नाही.’ दुसरी अडचण ‘मी’ची. ‘मी ज्वारी कापली’ यात ‘ने’ कुठेच नाही, पण क्रियापद ज्वारीमागे गेलं आहे. म्हणून व्याकरणकार या ‘मी’ला तृतीयाच म्हणतात, जुन्या मराठीत तिथे ‘म्यां’ होतं.

आणि इथेच आमचा बाजार आडवा येतो. उमरगा-लातूर-सोलापूर पट्ट्यात ‘मी भाकर खाल्लो’, ‘तो विळ्यानं ज्वारी कापला’ असं सर्रास ऐकू येतं. क्रियापद कर्त्याच्या मागे चालतं, अगदी शेजारच्या कानडीत चालतं तसं. पुण्याकडचे याला हसतात. पण कर्तेराव, नीट पाहा: या बोलीत तुमचा ‘ने’च उरला नाही, त्यामुळे करणाशी तुमचा घोळ होण्याचा प्रश्नच मिटला. तुम्ही बदलला नाहीत, फक्त तुमची विभक्ती बदलली.

अपादान, तुमचं निराळं. कानडीत करण आणि अपादान दोघांनाही ‘इंद’ हा एकच प्रत्यय चालतो. मराठीनं तुम्हाला ‘ऊन’, ‘हून’ असं स्वतंत्र घर दिलं. पण त्या घरात पाहुणेही राहतात. ‘गाडी सोलापूरहून नळदुर्गवरून उमरग्याला आली.’ प्रत्यय दोन्हीकडे पंचमीसारखे, पण गाडी सुटली ती सोलापुरातून. नळदुर्ग नुसतं वाटेत लागलं. जिथून वियोग होतो ते स्थान अपादान, म्हणून सोलापूर तुमचं, नळदुर्ग नव्हे. उलट तुम्ही कधी कधी दुसऱ्याच्या घरीही सापडता. भीती ज्याची वाटते त्याला पाणिनी अपादान मानतो, आणि आपण म्हणतो ‘तो सापाला भितो’. प्रत्यय ‘ला’. परीक्षेत याला अपादान लिहिलं तर बहुतेक तपासनीस लाल रेघ मारतील, कारण त्यांच्या हातातल्या नमुना उत्तरपत्रिकेत ‘ला’समोर कर्म किंवा संप्रदान एवढंच छापलेलं असतं.

माझ्यापुरतं मी असं ठरवलं आहे: पोरानं ‘मी भाकर खाल्लो’ लिहिलं, तर निबंधात ते दुरुस्त करीन, पण कारकाच्या प्रश्नात ‘मी’खाली ‘कर्ता’ लिहिलं असेल तर पूर्ण गुण देईन.

आपला,
उमरगा तालुक्यातला एक मराठीचा मास्तर